ऐकीव ज्ञानाची पत

कलामविषयी इंग्रजीत, जर्मनमध्ये आणि अरबीत एवढे नवे लेखन होत असताना एक जुनी आखणी काही केल्या हटत नाही. एका बाजूला बुद्धी, दुसऱ्या बाजूला ईश्वरी वचन. मुअतज़िली बुद्धीच्या बाजूचे, हदीसवाले वचनाच्या बाजूचे, आणि अशअरी मधे कुठेतरी तडजोड करून बसलेले. बिन्यामिन अब्राहामोव यांच्या १९९८ च्या छोट्या पुस्तकाचे शीर्षकच परंपरावाद आणि बुद्धिवाद या जोडीवर उभे आहे. त्यानंतरची कितीतरी पुस्तके हीच जोडी गृहीत धरून पहिले पान लिहितात. ही आखणी अपुरी आहे एवढेच म्हणून मला थांबता येत नाही. ती चुकीची आहे, कारण मुतकल्लिमांनी स्वतः ज्ञानाची जी मांडणी केली तिच्यातला सर्वांत मौलिक भाग ती पुसून टाकते.

मुतकल्लिम ज्ञानाची साधने दोन मानत नाहीत, तीन मानतात: निर्दोष इंद्रिये, खरी खबर आणि बुद्धी. मधली खबर म्हणजे दुसऱ्याने सांगितलेले. ईश्वरी वचन हा तिचा एक प्रकार आहे, आणि तोही पहिला नव्हे. बग़दाद नावाचे शहर आहे, सिकंदर नावाचा राजा होऊन गेला, आपली आई अमुक आहे, अमुक मुळी विषारी आहे, हे सगळे खबरीच्या खात्यात जमा होते. 'बुद्धी की वचन' असा प्रश्न घालणारा वाचक या खात्याकडे पाहतच नाही, आणि मग मुतकल्लिम जिथे खरोखर अडले, भांडले, एकमेकांना खोडत राहिले ती जागा त्याच्या हातून निसटते.

मागचे लेखन भरभर पाहू. हॅरी वुल्फसन यांच्या १९७६ च्या भल्याथोरल्या ग्रंथात ईश्वराचे गुण, कुराण, सृष्टी, परमाणू, कार्यकारण आणि दैव या सगळ्यांना भाग आहेत, ज्ञान कुठून येते याला नाही. अब्दुल काहिर बग़दादींसारखा अकराव्या शतकातला अशअरी आपल्या ग्रंथाची पंधरा तत्त्वे मांडताना पहिले तत्त्व ज्ञानाचे ठेवतो, आणि विसाव्या शतकातला अभ्यासक ते वगळून पुढे जातो. फ्रान्झ रोझेन्थाल यांचे १९७० चे पुस्तक ज्ञान या कल्पनेचे विस्तीर्ण दर्शन घडवते, पण कलामच्या वादात शिरत नाही. मुहम्मद आबिद अल-जाबिरी यांनी अरबी बुद्धीचे तीन कप्पे पाडले आणि कलाम त्यातल्या एकात टाकून कप्पा बंद केला. त्यावर अधिक बोलण्यासारखे नाही. योझेफ फान एस यांनी १९६६ मध्ये ईजींच्या ज्ञानविचारावर जे लिहिले ते आजही पहिल्या प्रतीचे आहे. उलरिख रुडॉल्फ यांच्या मातुरीदीवरच्या ग्रंथाने (जर्मन १९९७, इंग्रजी २०१५) समरकंद नकाशावर आणले हे त्यांचे ऋण मोठे आहे. रॅमन हार्वी यांनी २०२१ मध्ये मातुरीदी परंपरा आजच्या तत्त्वज्ञानाशी बोलती केली, हेही स्वागतार्ह.

पण या सगळ्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती एक बारीक धारा, आणि ती ज्यांना कलामचे अभ्यासक म्हणतात त्यांच्यातून आलेलीच नाही. ती आली विधिशास्त्राच्या अभ्यासकांकडून. बर्नार्ड वाइस यांचा ग़ज़ालींच्या तवातुर-विचारावरचा १९८५ चा निबंध आणि ॲरन झायसो यांचा निश्चितीच्या अर्थशास्त्रावरचा ग्रंथ या दोन लेखनांनी खबरीचा प्रश्न पुन्हा मध्यभागी आणला. झायसो यांचा प्रबंध १९८४ चा, पुस्तकरूपाने तो आला २०१३ मध्ये. मधली जवळपास तीस वर्षे तो अभ्यासकांच्या हातोहात फिरत राहिला. त्यांनी दाखवले की इथला मूळ प्रश्न 'कोणाचे ऐकायचे' हा नाही. एखादी गोष्ट किती निश्चितपणे कळली, आणि तेवढ्या निश्चितीवर काय उभारता येते, हा आहे. कलामच्या नव्या अभ्यासकांनी हा धागा पुरेसा उचललेला नाही, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

आता मूळ मजकुराकडे जाऊ. उमर नसफी (मृत्यू ११४२) यांची छोटी श्रद्धासंहिता आणि तिच्यावर सादुद्दीन तफ़ताज़ानी यांनी १३६७ मध्ये लिहिलेली टीका ही जोडी भारतातल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आहे. संहितेच्या सुरुवातीसच नसफी वस्तूंना वास्तव अस्तित्व आहे आणि त्यांचे ज्ञान होऊ शकते असे सांगून तीन साधने नोंदवतात. मग खबरीचे दोन प्रकार करतात. पहिली मुतवातिर खबर: इतक्या लोकांच्या तोंडी असलेली की त्या सर्वांनी मिळून खोटे रचणे कल्पनेत बसत नाही. दुसरी, चमत्काराने ज्याची साक्ष पटली अशा पैगंबराने दिलेली खबर. पहिलीपासून होणारे ज्ञान आपोआप, अपरिहार्यपणे होते. दुसरीपासून होणारे ज्ञान तर्कातून मिळते.

हे वाक्य शांतपणे वाचले तर वाचक चमकतो. व्यापारी, प्रवासी, हमाल यांच्या एकमुखी सांगण्याने बग़दादचे जे ज्ञान होते ते अपरिहार्य. आणि पैगंबराच्या वचनाने जे होते ते तर्कजन्य! नसफी लगेच जोडतात की हे दुसरे ज्ञानही निश्चितीत आणि स्थैर्यात पहिल्यासारखेच आहे. पण वर्गवारी बदलत नाहीत. श्रद्धाळू, सनातनी, मुअतज़िलींचा कट्टर विरोधक असलेला हा समरकंदचा पंडित पैगंबराच्या शब्दाला तर्काची पायरी चढून यायला लावतो, आणि बाजारातल्या बातमीला लावत नाही. 'बुद्धी की वचन' या आखणीत हे वाक्य ठेवायला जागाच नाही.

तफ़ताज़ानी याचे कारण एका उदाहरणाने उलगडतात. पुरावा दावा करणाऱ्याने द्यायचा आणि शपथ नाकारणाऱ्याने घ्यायची, हा न्यायाचा नियम पैगंबरांनी सांगितला असे अनेकांकडून आपल्यापर्यंत आले, असे ते धरून चालतात. इथे दोन वेगळी ज्ञाने आहेत. पैगंबर असे बोलले, हे एक. ते तवातुराने कळते, म्हणून अपरिहार्य. जो समोर बसून ऐकत होता त्याला तेच कानाने कळले. जे बोलले ते खरे आहे, हे दुसरे. त्यासाठी तर्क हवा: हे वचन ज्याचे आहे त्याचे प्रेषितपण चमत्काराने सिद्ध झाले आहे, असा माणूस जे कळवतो ते खरे असते, म्हणून हे खरे. आणि हा तर्क चालण्याआधी ईश्वर आहे, तो समर्थ आहे, खोट्याच्या हाती तो चमत्कार देणार नाही, हे सगळे बुद्धीने ठरलेले असले पाहिजे. ते पैगंबराच्याच शब्दावर ठरवले तर चक्र पुरे होते आणि हाती काहीच लागत नाही. मुअतज़िली काज़ी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) यांनी बुद्धी, ग्रंथ, सुन्नत, सहमती असा क्रम लावताना बुद्धीला पहिली ठेवली ती या चक्रामुळेच, आणि या मुद्द्यावर अशअरी-मातुरीदी पंडित त्यांच्याशी मुळीच भांडत नाहीत.

म्हणजे क्रम आहे, पण तो मानाचा नाही, आधाराचा आहे. कोणते साधन श्रेष्ठ असा प्रश्न टाकून उत्तराची यादी करणारे लेखक इथे फसतात. मुतवातिर खबर इंद्रियांवर उभी असते: साखळीच्या पहिल्या टोकाला असलेल्यांनी ती गोष्ट पाहिलेली किंवा ऐकलेली असली पाहिजे. ग़ज़ाली 'मुस्तस्फ़ा'त स्पष्ट म्हणतात की सगळ्या बग़दादकरांनी एकमुखाने जग निर्माण झालेले आहे असे सांगितले, तरी आपल्याला त्याचे ज्ञान होणार नाही. कारण ते त्यांनी पाहिलेले नाही, विचाराने ठरवलेले आहे. विचार ज्याचा त्याने करायचा असतो, तो संख्येने पुढे सरकत नाही. पैगंबराच्या चमत्काराची बातमी आपल्यापर्यंत खबरीने येते, ती खबर पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर उभी असते, चमत्काराचा अर्थ बुद्धी लावते, आणि मग कुठे वचनाला अधिकार मिळतो. यात तळाला काय आणि माथ्यावर काय हे एका ओळीत सांगताच येत नाही.

अंतःस्फूर्तीला नसफी या तिघांत बसू देत नाहीत. एखाद्याला आतून काही उमगले, तर ते इतरांसाठी ज्ञानाचे साधन ठरत नाही. सूफींच्या चाहत्यांना हे वाक्य आवडत नाही, पण ते तिथे आहे आणि योग्य जागी आहे.

मातुरीदी (मृत्यू ९४४) यांचा खबरीच्या बाजूने केलेला युक्तिवाद या सगळ्या साहित्यात मला सर्वांत धारदार वाटतो. त्यांचा 'किताब अल-तौहीद' केंब्रिजच्या एकुलत्या एका हस्तलिखितात टिकला आणि १९७० मध्ये बैरूतला फतहल्ला खुलैफ यांनी तो छापला. जो खबर नाकारतो त्याला ते म्हणतात: मग तुझे नाव तुला कुठून कळले? तुझे कुळ, तुझा बाप? कोणते अन्न पोसते आणि कोणते मारते हे तू प्रत्येक गोष्ट चाखून पाहून ठरवलेस का? आणि खबर ज्ञान देत नाही हे तू मला सांगतो आहेस, तीही खबरच नाही का? इथे खबर म्हणजे धर्मग्रंथाचा बचाव नव्हे. माणूस माणसांत राहतो, भाषा बोलतो, मूल वाढवतो, धंदा शिकतो, ते सगळे ज्या साधनावर चालते त्याचा हा बचाव आहे.

हा नाकारणारा कोण, हे मराठी वाचकाला विशेष जवळचे आहे. कलामच्या ग्रंथांत खबर नाकारणारे म्हणून दोन नावे पुन्हापुन्हा येतात: सुमनिय्या आणि बराहिमा. दोन्ही भारतातले. सुमनिय्यांची ओळख अभ्यासक बौद्धांशी लावतात. अहमद इब्न हंबल यांच्या नावावरच्या एका खंडनग्रंथात गोष्ट येते की सुमनिय्यांनी जह्म इब्न सफ़वानला विचारले, तुझा देव तू पाहिलास का, त्याचा आवाज ऐकलास का, वास घेतलास का, स्पर्श केलास का? प्रत्येक वेळी त्याला नाही म्हणावे लागले, आणि चाळीस दिवस तो गोंधळून गेला. मग त्याने उलटून विचारले की तुमच्यात प्राण आहे ना, तो तुम्ही पाहिला का? गोष्ट जह्मची निंदा करण्यासाठी सांगितली आहे, पण कलामच्या आठवणीत साधनांचा प्रश्न भारतीय प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून उभा राहतो, हे तिच्यात राहून गेले आहे.

ही वर्णने भारतीय परंपरांना न्याय देत नाहीत. फक्त इंद्रिये मानणे हे चार्वाकांचे मत, बौद्धांचे नव्हे. दिङ्‌नागाने प्रत्यक्ष आणि अनुमान अशी दोन प्रमाणे मानली आणि शब्द अनुमानात घातला. वैशेषिकांनीही तेच केले. नैयायिकांनी शब्द वेगळा ठेवला. तेव्हा शब्द आणि खबर एकच असे म्हणून आपल्याकडे तुलना उरकली जाते, तिला माझा विरोध आहे. नैयायिकांचा शब्द आप्तावर उभा आहे: ज्याने गोष्ट प्रत्यक्ष जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे त्याच्यावर. वात्स्यायन मोठ्या मनाने सांगतात की असा आप्त ऋषी असेल, आर्य असेल, म्लेच्छही असेल. तरी कसोटी बोलणाऱ्याच्या गुणांचीच राहते. मुतवातिर खबरीची कसोटी तशी नाही. सांगणारे प्रामाणिक असण्याची गरज नाही, मुसलमान असण्याचीही बहुतेकांच्या मते गरज नाही. गरज आहे ती एवढीच की ते इतके आणि इतके विखुरलेले असावेत की ठरवून खोटे बोलणे शक्य होऊ नये. मुअतज़िली अबू हुज़ैल यांनी वीस माणसे आणि त्यांत किमान एक स्वर्गास पात्र अशी अट घातली होती असे बग़दादी सांगतात. ती अट टिकली नाही, कारण तिने खबर पुन्हा एका सत्पुरुषाच्या खांद्यावर टाकली असती.

मग किती माणसे? चार, पाच, दहा, बारा, वीस, चाळीस, सत्तर, आणि बद्रच्या लढाईत उतरलेल्यांइतकी तीनशेहून थोडी जास्त, असे आकडे सुचवले गेले. बाक़िल्लानी (मृत्यू १०१३) यांनी चार नक्कीच पुरत नाहीत असे ठरवले, कारण व्यभिचाराच्या खटल्यात चार साक्षीदार असतात आणि काज़ीला तरीही त्यांच्या चारित्र्याची चौकशी करावी लागते. चारांनी आपोआप ज्ञान झाले असते तर चौकशी कशाला? ग़ज़ालींनी हा आकड्यांचा खेळच थांबवला. संख्येवरून ज्ञान ओळखायचे नाही, ज्ञान झाले यावरून संख्या भरली हे ओळखायचे. पोट कितव्या घासाला भरले हे कोणी सांगू शकत नाही, पण भरले हे कळते. शिवाय संख्येला खुणांची जोड मिळते. एखाद्या घरातला मुलगा आजारी आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्याचा प्रतिष्ठित बाप उघड्या डोक्याने, फाटलेल्या कपड्यांनी, टाहो फोडत बाहेर येऊन मुलगा गेला म्हणतो, तेव्हा सांगणारा एकच असूनही आपल्याला कळते.

यावरचा सर्वांत कठीण आक्षेप तफ़ताज़ानी लपवत नाहीत. एकेकाच्या सांगण्याने केवळ शक्यता पदरात पडते, आणि शक्यतांना शक्यता जोडत गेले तर निश्चिती कशी निपजेल? प्रत्येक जण खोटे बोलू शकतो, तर सगळे का नाही? त्यांचे उत्तर: समुदायात असे काही असू शकते जे एकट्यादुकट्यात नसते, केसांच्या वळलेल्या दोराचे बळ एका केसात नसते तसे. हे उत्तर सुंदर आहे आणि अपुरे आहे. दोराला बळ येते ते पिळामुळे. सुटे केस कितीही एकत्र ठेवले तरी त्यांचा दोर होत नाही. मग माणसांच्या सांगण्यात पीळ कशाचा? एकमेकांपासून स्वतंत्र असण्याचा. ते स्वतंत्र होते का, हे तपासावे लागते. आणि तपासणे म्हणजे तर्क.

इथे आपण त्या वादाशी येतो ज्याला नव्या लेखनात तळटीपेची जागा मिळते आणि ज्याला माझ्या मते मुख्य प्रकरण मिळायला हवे: मुतवातिर खबरीचे ज्ञान अपरिहार्य की तर्कजन्य? बहुसंख्य पंडित म्हणतात अपरिहार्य. बल्ख़चे मुअतज़िली काबी (मृत्यू ९३१) आणि अबुल हुसैन बसरी (मृत्यू १०४४) म्हणतात तर्कजन्य. जुवैनी त्यांच्याकडे झुकतात. आमिदी निर्णय न देता थांबतात. वाचकाच्या लक्षात येईल की काबी आणि बसरी नेमके वैशेषिकांच्या आणि दिङ्‌नागाच्या जागी उभे आहेत: दुसऱ्याच्या सांगण्याने ज्ञान होते, पण ते अनुमानाच्या वाटेने होते. कोणी कोणाकडून घेतले असे मी म्हणत नाही. दोन परंपरा एकाच अडचणीपाशी येऊन त्याच दोन वाटांनी फुटल्या, एवढे उघड आहे. आणि याची नीट तुलना झालेली मी पाहिलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा कौल काबींना आहे. बहुसंख्यांच्या सिद्धान्तापेक्षा त्यांचा स्वतःचा व्यवहार काबींच्या बाजूने साक्ष देतो. फख़रुद्दीन राज़ी (मृत्यू १२१०) यांचे एक प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे.

कुराणाच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की ईसाला त्यांनी मारले नाही, सुळावर दिले नाही, तसे त्यांना भासवले गेले. प्रचलित अर्थ असा की दुसऱ्या कोणावर त्याचे रूप उतरले आणि तो मारला गेला. राज़ी आपल्या भाष्यात या अर्थावर स्वतःच हल्ला चढवतात. एका माणसाचे रूप दुसऱ्यावर उतरू शकत असेल तर मी समोर ज़ैदला पाहतो तेव्हा तो ज़ैदच आहे हे कशावरून? इंद्रियांवरचा विश्वास गेला. आणि मुतवातिर खबर शेवटी इंद्रियांवर टेकते, तेव्हा तीही गेली. ती गेली तर सगळ्या पैगंबरांची पैगंबरी गेली, कारण ती आपल्याला खबरीनेच कळली. एका आयतीच्या प्रचलित अर्थापायी तिन्ही साधने धोक्यात येतात हे इतक्या स्वच्छपणे मांडणारा माणूस वचनाचा आंधळा पाईक नव्हता, आणि बुद्धीचा ध्वज घेऊन वचनावर चाल करणाराही नव्हता. साधने एकमेकांना कशी धरून आहेत हे त्याला दिसत होते.

आता मुतकल्लिमांची उत्तरे. सूळ झाला ही गोष्ट ख्रिस्ती आणि ज्यू अशा दोन परस्परविरोधी समाजांनी, दूरदूरच्या देशांत, शतकानुशतके सांगितली आहे. संख्येची अट भरते, विखुरलेपणाची भरते. तरी मुतकल्लिम म्हणतात हा तवातुर नाही. का? राज़ी जे उत्तर नोंदवतात ते असे: ही खबर मागे मागे नेली तर ती थोड्या लोकांपाशी जाऊन थांबते, आणि थोड्यांनी मिळून खोटे बोलणे अशक्य नाही. तवातुराला प्रत्येक पिढीत तेवढीच दाटी लागते: आरंभी, मध्ये आणि शेवटी.

हे उत्तर ग्राह्य आहे की नाही याच्यात मी पडत नाही. त्याचा आकार पाहा. समोर प्रचंड जनसमूह एकमुखाने सांगतो आहे, आणि पंडित म्हणतो: थांबा, साखळी मोजू, पहिल्या टोकाला किती होते ते पाहू. ज्ञान आपोआप होत असेल तर साखळी मोजायची गरज काय? ग़ज़ालींच्या नियमाप्रमाणे पोट भरले की भरले. करोडो ख्रिस्ती लोकांचे पोट या खबरीने भरलेले आहे. त्यांना तुमचे पोट खरे भरलेले नाही असे सांगायचे, आणि त्यासाठी पहिल्या पिढीची गणती करून दाखवायची, म्हणजे मुतवातिर ठरवण्याचे काम तर्काकडे सोपवायचे. सिद्धान्तात ज्ञान अपरिहार्य, वादात तर्कजन्य! काबींना हा दुटप्पीपणा करावा लागत नाही.

बहुसंख्यांचा नेहमीचा प्रतिवाद असा, की ज्यांना तर्क करता येत नाही अशा लहान मुलांनाही मक्का आहे हे कळते, म्हणून हे ज्ञान तर्काचे नाही. याचे उत्तर ग़ज़ालींनीच देऊन ठेवले आहे, जरी त्यांनी ते स्वतःच्या विरुद्ध वापरले नाही. ते मान्य करतात की या ज्ञानामागे दोन विधाने असतात: इतकी माणसे ठरवून खोटे बोलत नाहीत, आणि या इतक्या माणसांनी हे सांगितले आहे. फक्त मनाला त्यांची जाणीव असावी लागत नाही. म्हणजे पायऱ्या आहेत, पाय त्या चढतो, लक्ष मात्र जात नाही. मग याला अपरिहार्य म्हणण्याने काय मिळते? मिळते एकच: पहिले विधान तपासण्यातून सूट. आणि तीच सूट धोक्याची आहे, कारण माणसे ठरवल्याशिवायही एकच खोटे बोलू शकतात. ती एकाच उगमाचे पाणी पीत असतील तर पुरे.

हीच सूट हदीसच्या बाबतीत उलट्या दिशेने मागितली जाते. मुतकल्लिमांचा कडक नियम होता की तवातुराला न पोहोचलेली खबर नमाज़च्या आणि व्यवहाराच्या नियमांना पुरते, श्रद्धेला पुरत नाही, कारण ती संभाव्यता देते, ज्ञान नाही. हदीसशास्त्रज्ञ इब्न अल-सलाह (मृत्यू १२४५) यांनी प्रामाणिकपणे सांगितले की मुतवातिर हदीस शोधायला बसलेला माणूस थकेल. विसाव्या शतकात नासिरुद्दीन अल्बानी यांनी एकट्यादुकट्याची सहीह हदीसही श्रद्धेला पुरते असे आग्रहाने मांडले. त्यात निष्ठा आहे, ज्ञानविचार नाही.

राज़ी आणि इब्न तैमिया (मृत्यू १३२८) यांचे गाजलेले भांडणही मी याच नजरेने वाचतो. राज़ींचा नियम प्रसिद्ध आहे: बुद्धी आणि परंपरेने आलेले वचन यांचा विरोध झाला तर बुद्धीला धरावे, कारण वचन वचन आहे हे बुद्धीनेच ठरवले, तिला खोटी पाडली तर वचनाचाही आधार निघून जातो. 'बुद्धी की वचन'वाले लेखक इथे टाळ्या वाजवून थांबतात आणि इब्न तैमियांना अंधाराच्या बाजूला बसवतात. पण इब्न तैमियांचे उत्तर वाचले तर ते म्हणतात की हा विरोधच चुकीचा मांडला आहे. वाद बुद्धी आणि वचन यांच्यात होत नाही, निश्चित आणि संभाव्य यांच्यात होतो. बुद्धीचे निश्चित असेल तर ते पुढे, खबरीचे निश्चित असेल तर ते पुढे, दोन्ही संभाव्य असतील तर जे जड ते पुढे, आणि दोन्ही निश्चित असून परस्परविरोधी असणे शक्य नाही. त्यांच्या बाकीच्या निष्कर्षांशी माझे पटत नाही. हा मुद्दा मात्र त्यांचाच बरोबर आहे, आणि राज़ींना तो परका नव्हता. वचनाचा अर्थ निश्चित होण्यासाठी राज़ी स्वतः दहा अटी मोजतात, त्यांत शब्दांचे अर्थ, व्याकरण आणि शब्दरूपे सांगणाऱ्यांची साखळी पहिल्यांतच येते. आयत मुतवातिर असली तरी तिच्यातल्या एखाद्या विरळ शब्दाचा अर्थ एखाद्या भाषापंडिताने एखाद्या बदूकडून ऐकलेला असतो. म्हणजे वचनाच्या पोटातही खबरच बसलेली आहे, आणि तीही एकट्यादुकट्याची.

आता कोणी म्हणेल की काबींची बाजू घेतली तर खबर हे स्वतंत्र साधन उरत नाही, बुद्धीची शाखा होते, आणि ज्या मधल्या साधनासाठी मी एवढा भांडलो तेच मी हातचे घालवतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर आहे. तर्काच्या वाटेने आलेले ज्ञान तर्काने निर्माण केलेले नसते. बग़दाद आहे हे एकट्या बुद्धीने कितीही डोळे मिटून बसले तरी कळणार नाही. ती बातमी माणसांकडूनच यायला हवी. बुद्धी फक्त ती बातमी ज्या हातांतून आली त्यांची झडती घेते. मातुरीदींच्या नाकारणाऱ्याला आपले नाव आईबापांकडूनच मिळते, आणि त्यांनी ते खरे सांगितले का हे त्याला हवे तेव्हा शेजाऱ्यांना, सुईणीला, आतेमामांना वेगवेगळे गाठून विचारता येते. अपरिहार्यवाद्यांचा सिद्धान्त ही विचारपूस अनावश्यक ठरवतो. पण ईसाच्या सुळाची खबर समोर आली तेव्हा त्यांच्याच पंडितांनी ती केली.